कोरडा रोबो, काचेवरचा लेप आणि पहाटेचं दव: वाळवंटातल्या सौर प्रकल्पासाठी निर्णय कसा घ्यावा

भडला, फलोदी, जैसलमेर या पट्ट्यातले सौर प्रकल्प उभे राहतात राजस्थानात, पण त्यांची खरेदी बऱ्याचदा ठरते मुंबईत, अंधेरी किंवा बीकेसीतल्या एखाद्या मीटिंग रूममध्ये. साफसफाईच्या प्रस्तावांचंही तसंच. एक पुरवठादार येतो आणि पाण्याविना चालणारा रोबो दाखवतो. दुसरा येतो आणि काचेवर धूळ बसूच न देणारा लेप दाखवतो. तिसरा दोन्ही एकत्र घ्या म्हणतो. माझं काम अशा प्रकल्पांच्या देखभालीचं आहे. हे दोन्ही प्रस्ताव टेबलावर आले की कोणत्या क्रमाने जायचं, ते इथे लिहितो आहे. मुंबईत बसून निर्णय घेणाऱ्यांना आणि साइटवर तो राबवणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी पडावं अशी अपेक्षा आहे.

आधी धूळ मोजा

"तिकडे खूप धूळ असते" यावर कोटींची खरेदी करायची नसते. दिवसाला किती टक्के नुकसान होतं हा आकडा आपल्या साइटचा, आपला स्वतःचा लागतो.

त्यासाठी प्रकल्पातल्याच बनावटीचे दोन पॅनल एकाच टेबलावर, म्हणजे पॅनल धरणाऱ्या चौकटीवर, त्याच कलात, शेजारी शेजारी बसवा. ते कोणत्याही स्ट्रिंगला, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या पॅनलांच्या माळेला, जोडू नका. चालू स्ट्रिंगचा कनेक्टर ओढून काढला की ठिणगी पडते, हात भाजतात, कनेक्टर जळतो. दोन्ही पॅनल पहिल्यांदा स्वच्छ पुसा आणि दुपारी लख्ख उन्हात दोघांचा शॉर्ट सर्किट करंट मोजा. या पहिल्या मोजणीला बरेच जण फाटा देतात आणि पुढचा सगळा हिशेब लंगडा होतो, कारण नवे कोरे दोन पॅनलही एकसारखे नसतात. समजा पहिल्या दिवशी 'अ' ने १३.१० अँपिअर दिले आणि 'ब' ने १२.९७. म्हणजे दोन्ही स्वच्छ असतानाच 'ब' हा 'अ' च्या ०.९९ पट आहे. हा झाला आपला पाया.

आता 'अ' रोज सकाळी पुसायचा, 'ब' ला हात लावायचा नाही. बाराव्या दिवशी 'अ' १३.०२ आणि 'ब' १२.२७ दाखवतो. गुणोत्तर आलं ०.९४२. त्याला पायाच्या ०.९९ ने भागलं की ०.९५२. म्हणजे नुकसान ४.८ टक्के, दिवसाला साधारण ०.४ टक्का. पायाचा आकडा धरला नसता तर हेच नुकसान ५.८ टक्के दिसलं असतं आणि पुरवठादाराचं काम आयतंच सोपं झालं असतं.

एक काळजी घ्या. धूळ काचेवर सारखी पसरत नाही. दव पडलं की धूळ ओघळते आणि खालच्या फ्रेमच्या कडेला बोटभर पट्टा साचतो. पॅनल उभे लावले असतील तर हा पट्टा खालच्या सेलच्या रांगेवर बसतो आणि पॅनलच्या आतल्या सेलच्या तिन्ही उपस्ट्रिंगना एकदम पकडतो. अशा वेळी नुसता शॉर्ट सर्किट करंट खरं नुकसान सांगत नाही, कमाल पॉवर मोजावी लागते. साइटवर आय-व्ही ट्रेसर, म्हणजे पॅनलचा करंट आणि व्होल्टेज एकत्र मोजणारं यंत्र, असेल तर दोन्ही आकडे घ्या. आयईसी ६१७२४-१ या आंतरराष्ट्रीय मानकातही मळाच्या मोजणीसाठी हे दोन्ही मार्ग दिलेले आहेत.

मग दव मोजा

पाण्याविना साफसफाई फसते ती धुळीमुळे नव्हे, दवामुळे. कोरडी वाळू ब्रशने सहज निघते. पण पहाटे काचेवर दव बसलं की धुळीतले क्षार विरघळतात, बारीक मातीचे कण एकमेकांना आणि काचेला चिकटतात, आणि ऊन वर आलं की ते वाळून पापुद्रा तयार होतो. हे चार-पाच रात्री झालं की तो थर कोरड्या ब्रशला दाद देत नाही. मग पाणी आणि हातच लागतात.

थारमध्ये कसलं आलंय दव, असं मुंबईकराला वाटतं. पण निरभ्र रात्री काच आपली उष्णता थेट आकाशाला देते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, कधी चार तर कधी सहा अंशांनीही. हिशेब करून पाहा. डिसेंबरच्या पहाटे हवा १४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू येतो साधारण साडेआठ अंशांवर. काच हवेपेक्षा साडेपाच अंशांनी थंड झाली की ती ओली. पण बऱ्याच रोबोंच्या कंट्रोलरमध्ये "आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली तर थांब" असा नियम घातलेला असतो. इथे आर्द्रता ७० आहे, म्हणून रोबो खुशाल निघतो आणि ओल्या धुळीवर ब्रश फिरवून काचेवर चिखल सारवतो.

आमच्या साइटवरचा इंजिनिअर मूळचा बीडचा. त्याने एका सकाळी फोनवर सांगितलं, "सर, रोबो रात्री फिरलाय, लॉगमध्ये फेरी पूर्ण दाखवतोय, पण काच कालच्यापेक्षा मळकट दिसतेय. ब्रशच्या रेघा उमटल्यात." हे लक्षण ओळखायला शिका. काचेवर ओळीच्या दिशेने तिरक्या, वळणदार रेघा दिसल्या आणि बोटाने पुसल्यावर त्या कोरड्या पावडरसारख्या न निघता खरवडाव्या लागल्या, तर रोबो ओल्या काचेवर फिरला आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक म्हणजे पॅनलच्या मागच्या बाजूला तापमानाचा सेन्सर चिकटवा, हवेचं तापमान आणि आर्द्रता घेऊन दवबिंदू काढा, आणि काच दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर असेल तरच रोबोला परवानगी द्या. मागच्या सेन्सरपेक्षा पुढची काच थोडी आणखी थंड असू शकते, म्हणून हे दोन-तीन अंश राखून ठेवायचे. दुसरं म्हणजे फेरी पहाटे ठेवू नका, सूर्यास्तानंतर लगेच ठेवा. त्याच हिवाळ्यात संध्याकाळी हवा २२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असते. दवबिंदू आठच्या खाली, काच सतराच्या आसपास. तेव्हा काच खडखडीत कोरडी असते. शिवाय दव बसण्याआधी धूळ निघून गेली तर पहाटे चिकटायला काही उरतच नाही. माझ्या मते कोरड्या साफसफाईतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित बदल हाच आहे.

म्हणूनच तुर्भे किंवा भिवंडीतल्या गोदामाच्या गच्चीवर दाखवलेल्या डेमोवर जाऊ नका. इथली धूळ काजळी आणि बांधकामाच्या सिमेंटची, इथली हवा दमट, आणि गच्चीवरचा टेबल चार पॅनलांचा. डेमो साइटवर घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, लागोपाठ किमान पंधरा रात्री. दव पडणाऱ्या रात्री त्यात आल्याच पाहिजेत.

ओळीवर स्वतः चालून या

ओळीवर कायमचा बसवलेला रोबो टेबलाच्या वरच्या आणि खालच्या फ्रेमवर चाकं टेकून धावतो. त्याचा स्वतःचा छोटा सौर पॅनल आणि बॅटरी असते, आणि ओळीच्या टोकाला त्याचा थांबा असतो. कागदावर ही ओळ सरळ असते. जमिनीवर मात्र दोन टेबलांमध्ये फट असते, पायाचे खांब काही वर्षांत थोडेफार खचलेले असतात, आणि एक टेबल शेजारच्यापेक्षा वर किंवा खाली गेलेलं असतं.

पुरवठादाराच्या कागदावर रोबोला किती मिलिमीटरची फट आणि किती मिलिमीटरची पायरी चालते ते लिहिलेलं असतं. टेप आणि लेव्हल घेऊन प्रत्येक जोड मोजा आणि यादी करा. मोठ्या फटींवर पूल लागतील, काही टेबलं पुन्हा लेव्हल करावी लागतील, आणि काही आखूड ओळी अशा निघतील की तिथे रोबो परवडणारच नाही. या शेवटच्या ओळींची वेगळी यादी ठेवा, लेपाच्या वेळी ती लागणार आहे.

थांब्याची जागाही बघा. थांबा शेवटच्या पॅनलवर असेल तर दिवसभर त्याची सावली पडेल आणि तिथले सेल तापतील. तो ओळीच्या बाहेर, वेगळ्या चौकटीवर हवा. रोबोचं वजन फ्रेमवर येतं की काचेवर तेही तपासा. डेमोच्या आधी आणि नंतर त्याच वीस-पंचवीस पॅनलांचे इलेक्ट्रोल्युमिनेसन्स फोटो घ्या, ज्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या सेलच्या चिरा दिसतात. सेलमध्ये नव्या चिरा दिसल्या तर तो रोबो तिथेच नाकारा.

सूर्यामागे टेबलं फिरवणारे ट्रॅकर असलेल्या प्रकल्पात एक गोष्ट फुकटात मिळते. रात्री टेबलं आडवी न ठेवता शक्य तितकी तिरकी उभी ठेवली तर धूळ कमी बसते आणि दवही कमी धरतं. वाऱ्याची मर्यादा सांभाळून हे आधी करून पाहा, खरेदीचा विचार नंतर.

पैशांचा हिशेब, आणि त्यातली दुपारची गोम

एक उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, पद्धत तुमच्या आकड्यांवर चालवा. प्रकल्प ५० मेगावॉट एसी, पॅनल ७० मेगावॉट, म्हणजे ५४० वॉटचे सुमारे १ लाख ३० हजार पॅनल. पाऊस सोडून वर्षाचे २७० दिवस, रोज सरासरी ३ लाख ३६ हजार युनिट. धूळ दिवसाला ०.४ टक्का.

आत्ता दर पंधरा दिवसांनी पाण्याने धुणं चालतं. नुकसान शून्यापासून ६ टक्क्यांपर्यंत चढतं, सरासरी ३ टक्के. रोबो रोज फिरला तर सरासरी नुकसान राहतं ०.७ टक्का: थोडी त्या दिवसाची धूळ, थोडी ब्रशला न निघालेली. म्हणजे फायदा २.३ टक्के, २७० दिवसांत जवळजवळ २१ लाख युनिट.

पुरवठादाराचा हिशेब इथेच थांबतो. पण ५० मेगावॉटच्या इन्व्हर्टरमागे ७० मेगावॉटचे पॅनल आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी, पॅनल थंड आणि ऊन कडक असताना, इन्व्हर्टर आपल्या कमाल मर्यादेवर जाऊन बसलेला असतो. त्या तासांत काच कितीही लखलखीत केली तरी एक युनिटही जास्त बाहेर पडत नाही. मागच्या वर्षाचा तासागणिक डेटा काढा, इन्व्हर्टर मर्यादेवर होता ते तास बाजूला करा आणि फायदा फक्त उरलेल्या तासांवर धरा. उदाहरणात याने फायद्याचा चौथा हिस्सा गेला असं धरू. उरले सुमारे १५.७ लाख युनिट, अडीच रुपये दराने ३९ लाख रुपये.

आता पाणी. एका पॅनलला २ लिटर धरले तर एका धुण्याला २ लाख ६० हजार लिटर लागतात. वर्षात अठरा धुणी होती, रोबो आल्यावर आंधीनंतरची दोन ठेवली, सोळा वाचली. म्हणजे जवळजवळ ४२ लाख लिटर पाणी. पाणी, टँकर आणि मजुरी मिळून दर धुण्याला पॅनलमागे ३ रुपये धरले तर ६२ लाख रुपये. एकूण वर्षाला एक कोटीच्या आसपास. बघा, मोठा वाटा विजेचा नाही, वाचलेल्या धुण्याचा आहे. त्यामुळे पुरवठादार "रोबो आल्यावर अधूनमधून पाण्याने धुवावंच लागेल" असं हळूच म्हणाला तर 'अधूनमधून' म्हणजे वर्षातून किती वेळा ते लिहून घ्या. दोनच्या जागी सहा धुणी लागली तर साडेपंधरा लाख रुपये तिथेच गेले. रोबोच्या किमतीत ब्रश आणि बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच या एक कोटीशी तुलना करा.

लेप कुठे लावायचा आणि कुठे नाही

आता लेप. वरच्या हिशेबातला एक आकडा पुन्हा पाहा. रोबो फिरणाऱ्या ओळीवर उरलेलं नुकसान ०.७ टक्का आहे. लेप कितीही चांगला असला तरी त्या ओळीवर तो ०.७ टक्क्यापेक्षा जास्त देऊच शकत नाही, कारण परत मिळवायला तेवढंच उरलं आहे. ब्रोशरमध्ये "धूळ निम्म्याने कमी" लिहिलेलं असलं, तरी ती तुलना न पुसलेल्या काचेशी केलेली असते.

शिवाय लेप काही हिरावूनही घेऊ शकतो. पॅनलच्या काचेवर कारखान्यातच परावर्तन कमी करणारा सच्छिद्र सिलिकाचा थर दिलेला असतो, जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. त्यामुळे दोन ते तीन टक्के जास्त प्रकाश आत जातो. वरून लावलेला लेप या थराच्या छिद्रांत शिरला की त्याचा परिणाम कमी होतो. म्हणून लेप लावायच्या आदल्या दिवशी आणि सुकल्यानंतर, दोन्ही वेळा स्वच्छ काचेवर, न लेपलेल्या शेजारच्या पॅनलशी तुलना करून पॉवर मोजा. अर्धा टक्का पहिल्याच दिवशी गेला असेल तर रोबोच्या ओळीवर या लेपाला काही काम उरलं नाही.

आणि ब्रश. आपल्याकडच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याची कठीणता मोह्स मापावर ७, काचेची साडेपाच ते सहा. रोज रात्री ब्रश हे कण काचेवरून ओढत नेतो. वर्षाला २७० फेऱ्या, पंचवीस वर्षांत पावणेसात हजार. पुरवठादाराकडे आयईसी ६२७८८-७-३ या २०२२ च्या मानकाप्रमाणे घर्षणाची चाचणी मागा, आणि ती त्याच ब्रशने, कोरडी, धूळ टाकून केलेली आहे का ते विचारा. नुसत्या स्वच्छ काचेवर ब्रश फिरवून आलेला अहवाल इथे उपयोगाचा नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीत फोटोव्होल्टाइक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र २०१० पासून आहे. नमुन्याच्या काचा घेऊन तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत जा, पुरवठादाराच्या अहवालावर विसंबू नका.

पाणी झटकणारा लेप पावसाच्या प्रदेशात शोभून दिसतो, थेंब घरंगळताना धूळ घेऊन जातात. राजस्थानच्या या पट्ट्यात ऑक्टोबर ते जून पाऊस फारच कमी. तिथे लेपाचं खरं काम एकच: दवानंतर पापुद्रा काचेला घट्ट बसू न देणं. म्हणून लेप तिथे वापरा जिथे रोबो पोहोचत नाही. मघाशी केलेल्या यादीतल्या आखूड आणि वाकड्या ओळी, कुंपणाकडेची टेबलं, चढउतारावरचे तुकडे. तिथे धुण्याचं अंतर पंधरा दिवसांवरून पंचवीसवर गेलं तरी लेपाचे पैसे वसूल होऊ शकतात.

हे खरंच होतं का ते पाहायला एकाच ब्लॉकमध्ये चार स्ट्रिंग निवडा: एकीवर फक्त रोबो, एकीवर फक्त लेप, एकीवर दोन्ही, आणि चौथी नेहमीसारखी धुतलेली. सुरुवातीला चारही स्वच्छ करून त्यांच्या करंटचं गुणोत्तर काढा, अगदी त्या दोन पॅनलांसारखं. मग नोव्हेंबर ते जून चालू द्या, म्हणजे दवाचे महिने आणि आंधीचे महिने दोन्ही येतील. दर महिन्याला लेपलेल्या काचेवर ड्रॉपरने पाण्याचा थेंब ठेवा आणि मोबाइलने काचेच्या पातळीवरून, आडव्या कोनात फोटो काढा. पहिल्या महिन्यात थेंब गोल, फुगीर उभा असेल. तो चपटा होत गेला की लेप झिजतो आहे, आणि दोन्ही असलेल्या स्ट्रिंगवर तो फक्त लेपाच्या स्ट्रिंगपेक्षा लवकर चपटा झाला तर ब्रशच लेप खातो आहे.

लेप साइटवर लावायचा असेल तर काच आधी पाण्याने धुऊन पूर्ण वाळलेली, तापलेली नसलेली, आणि हवा शांत हवी. चुकीच्या वेळी लावला तर धूळच लेपाखाली कोंडली जाते आणि ती मग निघत नाही. सगळ्यात आधी पॅनल उत्पादकाकडून लेखी परवानगी घ्या, रोबोच्या ब्रशसाठीही आणि लेपाच्या रसायनासाठीही, मॉडेल क्रमांकासह. ती नसेल तर वॉरंटीचा दावा करताना हीच गोष्ट आपल्या अंगावर येते.

करारात काय लिहायचं

"फेऱ्या पूर्ण झाल्या" या लॉगवर पैसे देऊ नका. पैसे गुणोत्तरावर द्या: रोबोच्या ओळीतल्या मोजणीच्या पॅनलचं स्वच्छ पॅनलशी गुणोत्तर, महिन्याची सरासरी, आंधीनंतरचे दोन दिवस वगळून. वगळायचे दिवस कोण ठरवणार आणि कशावरून, तेही लिहा.

अडकलेल्या रोबोचं कलम वेगळं हवं. ओळीच्या मध्येच बॅटरी संपून रोबो थांबला तर सकाळी तो एक-दोन पॅनल झाकून बसतो. मुंबईतून तो कॅमेऱ्याशिवायही सापडतो. सकाळी नऊच्या सुमारास, अनेक स्ट्रिंग जिथे एकत्र येतात त्या कंबायनर बॉक्समधल्या स्ट्रिंगचे करंट शेजारी शेजारी लावा. धुळीने सगळ्या स्ट्रिंग थोड्या थोड्या खाली येतात, अडकलेल्या रोबोने एकच स्ट्रिंग इतरांपासून फुटून खाली जाते, आणि कालपर्यंत ती ठीक होती. दहा वाजण्याच्या आत कोणीतरी तिथे पोहोचलं पाहिजे, हे करारात वेळेसह लिहा. मे-जूनच्या संध्याकाळी आंधीचा इशारा आला की सगळे रोबो थांब्यावर परत येऊन कुलूपबंद होतात का, हे स्वीकृतीच्या वेळी स्वतः बटण दाबवून पाहा.

ब्रशची झीज दर महिन्याला मोजायची. नवीन ब्रशच्या केसांची लांबी लिहून ठेवा, तीन ठिकाणी पट्टी लावा: वर, मध्ये आणि खाली. खालच्या टोकाला झीज जास्त असते, कारण वरची सगळी धूळ तिथूनच जाते. तिथे केस आखूड झाले की कडेचा तो बोटभर पट्टा पुन्हा दिसू लागतो. तो दिसला की पूर्ण ब्रश बदलायची तारीख येईपर्यंत थांबू नका, तेवढा खालचा तुकडा लगेच बदलून घ्या.